होम ट्यूशनचा पहिला डेमो ठरवताय? विषय, वेळ आणि फी चहाच्या आधीच सांगून टाका

बेळगावात, खानापुरात, निपाणीकडं घरी जाऊन शिकवणारी जी नवीन पोरंपोरी आहेत (बीएससी झालेली, बीएड करणारी, किंवा लग्नानंतर घरात बसून कंटाळलेली) त्यांचं एकच ठरलेलं दुखणं असतं. डेमो झकास होतो, मुलगी खूश, आई खूश, पोहे येतात, चहा येतो, आणि मग दारात चप्पल घालताना आई विचारते "मग मॅडम, तुमचं कसं काय घेता?" आणि मॅडम म्हणतात "काकू, तुम्हीच बघा की काय ते." संपलं. त्यानंतर जी फी मिळते ती तुमची नसते, शेजारच्या गल्लीत वीस पोरांची बॅच घेणाऱ्या सरांची असते.

म्हणून इथं सगळी प्रक्रिया क्रमानं लिहिलीय. एकच केस धरून चालू या म्हणजे डोक्यात बसेल: अनगोळमधली एक मुलगी, सातवीपर्यंत मराठी शाळा, आठवीला हायस्कूल बदललं आणि इंग्लिश मीडियम घेतलं, आता गणितात मार्क घसरलेत. आपल्याकडं अशा केसेस भरपूर, कारण कर्नाटकात हायस्कूल आठवीपासून सुरू होतं आणि बरेच पालक तिथंच मीडियम बदलतात. ट्यूटर टिळकवाडीत राहते, स्कूटरवर दहा मिनिटं.

१. फोन यायच्या आधी: स्वतःचा हिशोब कागदावर

आधी दर काढा, मग फोन घ्या. दर काढताना बहुतेक जण फक्त शिकवायचा तास धरतात आणि तिथंच फसतात.

समजा तुमच्या डोक्यात आहे एका तासाच्या क्लासला २०० रुपये. आठवड्यात तीन दिवस, महिन्याला १२ क्लास, म्हणजे २४००. आता जायला दहा मिनिटं, यायला दहा, म्हणजे एका क्लासला तुमची ८० मिनिटं जातात, बाराला ९६० मिनिटं, म्हणजे १६ तास. २४०० भागिले १६, तासाला १५० पडले. पेट्रोल म्हणाल तर जाऊन येऊन चार किलोमीटर धरले तरी महिन्याला ४८ किलोमीटर, जुनी स्कूटर असली तर सव्वा लिटरच्या आसपास, ते फार नाही, खरा खर्च वेळेचा आहे. हे १५० तुम्हाला परवडतात का ते आधी ठरवा. (२०० आणि २४०० हे आकडे हिशोब दाखवायला घेतलेत, तुमचा दर तुमच्या विषयावर, इयत्तेवर आणि गल्लीवर अवलंबून.)

आता तेच घर शहराबाहेर एखाद्या गावात असलं, जायला २५ मिनिटं आणि यायला २५. तर एका क्लासला ११० मिनिटं, बाराला २२ तास, आणि तीच २४०० फी घेतली तर तासाला ११० सुद्धा पडत नाहीत. इथं लोक फी वाढवून मागतात आणि पालक बिचकतात. त्यापेक्षा दिवस कमी करा. आठवड्यात दोन दिवस, दीड दीड तास, महिन्याला ८ क्लास. शिकवायचे तास तेच १२ राहिले, पण जाण्यायेण्याच्या खेपा बाराच्या आठ झाल्या, एकूण वेळ साधारण पावणेएकोणीस तासांवर आला. तीन तासांहून जास्त वाचले आणि पालकांच्या खिशाला काही लागलं नाही. फक्त पाचवीच्या आतलं पोर दीड तास बसत नाही, तिथं हा उपाय चालणार नाही.

कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवा: एका क्लासचा दर, कमीत कमी किती क्लास असले तर जायचं, आणि कुठल्या वेळा खरंच मोकळ्या आहेत. वेळ लिहिताना मधे रेल्वे गेट लागत असेल तर गेट पडल्यावरची दहा मिनिटं धरा. साडेसहा म्हणून सांगितलं आणि पावणेसातला पोचलात तर पहिल्याच दिवशी तुमचं नाव "उशिरा येणाऱ्या मॅडम" पडतं आणि ते जात नाही.

सांभाळा: तुम्ही शाळेत शिक्षक म्हणून नोकरीला असाल तर आधी थांबा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २८, त्यात शिक्षकांनी खाजगी शिकवणी घेऊ नये असं स्पष्ट लिहिलंय. नोकरीच्या अटी वाचल्याशिवाय होम ट्यूशनच्या फंदात पडू नका.

२. पहिला फोन: ऐकायचं जास्त, विचारायचं नेमकं

फोन बहुतेक आईचा येतो. "ट्यूशन घेता काय हो मॅडम? आमच्या मुलीला जरा मॅथ्स पायजे होतं." यावर लगेच "हो घेते, उद्या येऊ का?" म्हणू नका. पाच मिनिटं काढा आणि हे विचारा.

कुठलं सिलॅबस आणि कुठलं मीडियम. "आठवी" एवढ्यावर काही कळत नाही. आपल्या भागात एकाच गल्लीत कर्नाटक स्टेटचं मराठी मीडियम, स्टेटचंच इंग्लिश मीडियम, सीबीएसई असं सगळं सापडतं, आणि चंदगडकडचं कोण असेल तर महाराष्ट्र बोर्ड. पालकांना कधी कधी स्वतःलाच सांगता येत नाही, मग सरळ म्हणा "काकू, गणिताच्या पुस्तकाच्या पहिल्या पानाचा आणि अनुक्रमणिकेचा फोटो पाठवा." फोटो आला की तुमचं काम निम्मं झालं. शाळेतला शेवटचा टेस्ट पेपर मिळाला तर अजून बरं, त्यात मार्क सोडा, पोरगी कुठल्या प्रकारच्या प्रश्नावर थांबली ते बघायचं.

नेमकं काय अडतंय. "गणित कच्चं आहे" हे उत्तर नाही. कधीपासून अडलं ते विचारा. आपल्या केसमध्ये आई म्हणाली "सातवीपर्यंत चांगलं होतं ओ, हायस्कूलला गेल्यापासून बिघडलं." मीडियम बदल आणि मार्कांची घसरण एकाच वेळची, ही खूण डोक्यात ठेवून डेमोची तयारी करायची.

फीचं कोण ठरवणार. हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. पण आईशी सगळं ठरतं आणि शेवटी येतं "ह्यांना विचारून सांगते", आणि हे म्हणजे वडील उद्यमबागेत सेकंड शिफ्टला, घरी यायला रात्रीचे अकरा, मग आठवडा जातो. म्हणून सरळ म्हणा, "काकू, मी सगळं मेसेजमध्ये लिहून पाठवते, काकांनापण दाखवा, आणि डेमोच्या आधी तुमचं दोघांचं बोलून झालं तर बरं होईल." यात कुणालाच वाईट वाटत नाही.

आणि संबोधनाचं: आई तुमच्यापेक्षा मोठी असेल तर काकू, साधारण तुमच्या वयाची असेल तर वहिनी किंवा ताई, समोरून तुम्हाला मॅडम, सर किंवा टीचर म्हणतील. पहिल्याच फोनवर फार घरगुती होऊ नका, मग फी मागताना जीभ जड होते. घरात कानडी बोलत असतील आणि तुम्हाला येत असेल तर कानडीत बोला, पण मेसेज त्यांना वाचायला कुठल्या भाषेत सोपा जाईल ते विचारून घ्या.

तपासा: फोन ठेवताना तुमच्याकडं इयत्ता, सिलॅबस, मीडियम, मुलीची शाळेतून यायची वेळ, घराचा पत्ता आणि कोणाला मेसेज करायचा तो नंबर, एवढं आहे का? शाळेची वेळ विसरू नका. पोरगी साडेचारला घरी येते आणि तुम्ही पाचचा डेमो ठेवलात तर ती जांभया देणार आणि आई म्हणणार "मॅडमचं शिकवणं काय हिला समजेना बघा."

३. मेसेज: सगळ्यात महत्त्वाचं काम हेच

फोनवर जे बोललात ते अर्ध्या तासात लिहून पाठवा. डेमो या मेसेजनंतरच. मेसेजमध्ये डेमो वेगळा आणि पुढची ट्यूशन वेगळी लिहा, कारण दोन्ही एकत्र लिहिलं की पालकांना वाटतं डेमोला हो म्हटलं म्हणजे महिन्याला हो म्हटलं, आणि ते गप्प बसतात.

आपल्या केसचा मेसेज असा:

> नमस्कार काकू. सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे सगळं लिहून पाठवतेय, काकांनाही दाखवा.
>
> डेमो: बुधवार, संध्याकाळी ६.३० ते ७.१५, तुमच्या घरी. आठवी गणित, स्टेट सिलॅबस, इंग्लिश मीडियम. डेमोची फी नाही, डेमो एकच असतो. गणिताचं पुस्तक, शाळेची वही आणि शेवटचा टेस्ट पेपर काढून ठेवा. डेमोच्या वेळी घरात मोठं कोणीतरी असावं.
>
> पुढं चालू करायचं ठरलं तर: सोम, बुध, शुक्र, ६.३० ते ७.३०. १२ क्लास झाले की एक महिना धरायचा. फी २४०० रुपये, एका मुलीची आणि फक्त गणिताची. पहिल्या महिन्याची फी पहिल्या आठवड्यात, नंतर दर १२ क्लासच्या सुरुवातीला.
>
> क्लास नको असेल तर त्या दिवशी दुपारी २ पर्यंत कळवा, तो क्लास नंतर भरून देईन. मी आले नाही तर तोही भरून देईन.
>
> बुधवारचं चालेल का तेवढं आज कळवा.

बघायला लांब वाटतो, पण यातली प्रत्येक ओळ कुठलं ना कुठलं भांडण टाळते.

"१२ क्लास म्हणजे महिना" का? कारण कॅलेंडरचा महिना धरला की गणपतीत पाच क्लास बुडतात, दसऱ्याच्या सुट्टीत पोरगी मामाकडं जाते, आणि महिन्याच्या शेवटी "अर्धाच महिना झाला की मॅडम" सुरू होतं. क्लास मोजले की महिना पाच आठवड्यांचा झाला तरी दोघांचं नुकसान नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि सही, आईची सही, एवढं पुरतं. उलट बाजूसुद्धा सांगते, मोजणी नुसती ठेवली आणि मर्यादा घातली नाही तर १२ क्लास तीन महिने ताणणारे पालकही भेटतात. तशी शंका आली तर "१२ क्लास ६ आठवड्यांत पूर्ण करायचे" अशी एक ओळ वाढवा.

"एका मुलीची आणि फक्त गणिताची" ही ओळ काढून टाकावीशी वाटेल, फार हिशोबी दिसते म्हणून. काढू नका. दुसऱ्या आठवड्यात पाचवीतला धाकटा भाऊ पाटी घेऊन शेजारी येऊन बसतो, "ह्याचं पण जरा बघा की मॅडम, तसं पण बसलेलाच असतो." तिसऱ्या आठवड्यात "उद्या कानडीची टेस्ट आहे, तेवढं घ्या की." मराठी घरातल्या पोरांना कानडी जड जातं हे खरंच आहे आणि आईची अडचण खोटी नाही, पण तो वेगळा विषय आहे, त्याची वेगळी तयारी लागते. ओळ आधी लिहिलेली असली की तुम्ही हसत म्हणू शकता, "काकू, कानडीचं वेगळं ठरवू या, दोन दिवस वाढवावे लागतील." आणि तुम्हाला कानडी शिकवता येत नसेल तर तसं तेव्हाच सांगा, बघते म्हणू नका.

डेमोची फी नाही हे माझं मत जवळच्या घरासाठी. घर वीस मिनिटांच्या पलीकडं असेल तर डेमोचे १५० घ्या आणि "चालू झालं तर पहिल्या महिन्यात वजा करू" असं मेसेजमध्येच लिहा. तीन वेगवेगळ्या ट्यूटरचे फुकट डेमो मागवून तिसरीला नुसतं परीक्षेच्या आदल्या दिवशी बोलावणारे लोक आहेत, त्यांना १५० रुपयांची अट पुरेशी असते.

सांभाळा: फी "२००० ते २५००" अशी लिहू नका. पालक २००० वाचतात, तुम्ही २५०० वाचता. एकच आकडा. तसंच "फी नंतर बोलू" हेही नको, कारण नंतर बोलायची वेळ चहा पिताना येते.

४. उत्तर आलं, घासाघीस सुरू झाली

"बाजूचे सर १००० घेतात हो." हे येणारच. रागावू नका, ते खोटं बोलत नाहीत, बॅचमध्ये तेवढ्यात होतं. सांगा की तिथं पंधरावीस पोरं असतात, इथं एकटी आहे आणि मी घरी येते. एवढंच, त्या सरांबद्दल वाईट एक शब्द नको, बेळगाव काही एवढं मोठं नाही, संध्याकाळपर्यंत सरांना कळतं.

तरीही कमी करा म्हणाले तर दर न पाडता क्लास कमी करा. २४०० जड जातंय? मग १० क्लासचे २०००. दर क्लासला २०० तोच राहिला. दर एकदा १७० वर आणलात की तो पुढं दहावीला, एसएसएलसीच्या वर्षाला, परत २०० करताना सहा महिने जातात, आणि त्या काकूंच्या जावेकडून फोन येतो तोही १७० धरूनच येतो.

दोनदा समजावलं, तरी जमेना, तर "काही हरकत नाही काकू, पुढं कधी लागलं तर सांगा" म्हणून विषय सोडा. डेमोला जाऊ नका. फी न पटलेल्या घरी डेमो देणं म्हणजे नुसती संध्याकाळ घालवणं.

तपासा: निघायच्या आधी मेसेजला "चालेल" किंवा "ओके" असं लेखी उत्तर आहे का? नुसते दोन निळे टिक म्हणजे होकार नाही. पत्त्याचं लोकेशन आलंय का? तुम्ही कुठं आणि किती वेळ जाताय ते घरी कुणाला सांगितलंय का? मुलगी असा, मुलगा असा, हे करायचंच.

५. डेमोची ४५ मिनिटं

हॉलमध्ये टेबलाशी बसा, दार उघडं, घरात मोठं माणूस. बेडरूममध्ये बसवायला लागले तर "इथंच बरं आहे काकू, उजेड चांगला आहे" म्हणा आणि बसा. सर असाल तर हे दुप्पट पाळा.

पहिली पाच मिनिटं वही चाळा. वहीतली उत्तरं बघू नका, पोरीनं मध्येच सोडलेली उदाहरणं बघा. फळ्यावरून उतरवलेलं कुठलं आणि स्वतः केलेलं कुठलं ते खाडाखोडीवरून कळतं, स्वच्छ पान बहुतेक उतरवलेलं असतं.

पुढची पंधरा मिनिटं तपासणी, आणि इथंच बहुतेक जण चुकतात, कारण ते सरळ शिकवायला लागतात. आईला दाखवायचं असतं ना, मग जोरात, भरभर, सगळा धडा. पण तुम्हाला अजून काय अडलंय तेच माहीत नाही. आपल्या मुलीला एकच उदाहरण तीन रूपांत द्या.

पहिलं, नुसतं समीकरण:

2x + 18 = 74

दुसरं, तेच मराठीत तोंडी: दोन संख्यांची बेरीज ७४ आहे, एक दुसरीपेक्षा १८ नं जास्त आहे, संख्या कुठल्या?

तिसरं, तेच तिच्या पुस्तकाच्या भाषेत, कागदावर इंग्लिशमध्ये लिहून: द सम ऑफ टू नंबर्स इज ७४, वन नंबर एक्सीड्स द अदर बाय १८, फाइंड द नंबर्स.

तिन्हीत x = 28 च येतो, म्हणजे संख्या २८ आणि ४६. पण पोरगी कुठं थांबते यावर तुमचं पुढचं सगळं ठरतं. पहिलं जमलं, दुसरं जमलं आणि तिसऱ्याला पेन थांबलं, तर गणित शाबूत आहे, पुस्तकाचं इंग्लिश अडतंय. तिला आठवड्यात तीन दिवस गणिताची रट्टेबाजी नको, प्रत्येक धड्याचे पंधरावीस शब्द आणि वाक्यं फोडून समीकरण मांडायचा सराव पाहिजे. पहिलं जमलं पण दुसऱ्याला, मराठीतच, अडली तर मांडणीच जमत नाही, मीडियमचा दोष नाही. आणि पहिल्यालाच अडली, १८ पलीकडं नेताना चिन्ह बदललं नाही किंवा 2x = 56 वरून x = 54 लिहिलं, तर मागची दोन वर्षं कच्ची आहेत आणि फक्त आठवीचा धडा घेऊन भागणार नाही.

तपासणी करताना चेहरा सरळ ठेवा. "अरेच्चा, एवढं येत नाही?" हे तोंडातून गेलं की पोरगी मिटते, मग पुढचं काही कळत नाही. आई मधूनच आतून ओरडते "सांग की गं, काल तर केलीस!" तेव्हा शांतपणे म्हणा, "राहू दे काकू, मला बघायचंच आहे कुठं अडतंय."

पुढची पंधरा मिनिटं फक्त जिथं अडली ती एक गोष्ट शिकवा. इंग्लिश अडलं असेल तर तिसऱ्या रूपातलं वाक्य तुकड्या तुकड्यानं वाचायला लावा: दोन संख्या म्हटलं, मग लहान संख्येला x म्हणू, दुसरी त्यापेक्षा १८ नं जास्त, म्हणजे x + 18, दोघींची बेरीज ७४. वाक्याच्या खाली तिच्याच अक्षरात समीकरण येऊ दे. तुम्ही लिहून दाखवू नका, तुमचं पेन खालीच ठेवा.

मग पाच मिनिटं नवीन, त्याच जातीचं एक उदाहरण तिला एकटीला करू द्या. आकडे बदलून: बेरीज ९०, फरक २४. उत्तर ३३ आणि ५७. जमलं तर ते पान आईला दाखवायचं पान आहे, तुमच्या डेमोचा पुरावा तोच.

सांभाळा: डेमो ७.१५ ला संपवा. पोरगी रमली म्हणून आठ वाजेपर्यंत बसलात तर उद्यापासून एक तासाच्या फीत दीड तास, हे तुम्हीच ठरवून आलात.

६. आईशी शेवटची पाच मिनिटं

आता फी सांगायची नाही, ती मेसेजमध्ये आहे. आता फक्त काय सापडलं ते सांगायचं आणि वेळ नक्की करायची. "हुशार आहे" किंवा "कच्ची आहे" यातलं काहीच नको. असं म्हणा: "काकू, हिला समीकरण येतं, मराठीत सांगितलेलं गणितही येतं. पुस्तकातलं इंग्लिश वाक्य वाचून गणित मांडता येत नाही. हे बघा, आज एक स्वतः केलंय. मेसेजमध्ये सांगितलेले तीन दिवस पुरतील."

आणि तपासणीत वेगळं काही निघालं असेल, म्हणजे पहिल्याच रूपाला अडली असेल, तर तेही तिथंच सांगा, दोन पर्याय देऊन: "सहावी सातवीचं मागचं भरायचं असेल तर पहिले दोन महिने आठवड्यात चार दिवस लागतील, महिन्याला १६ क्लास, ३२००. नाहीतर तीन दिवसांत आधी मागचं घेते, शाळेचा चालू धडा मागं राहील, तेवढं धरून चला." दर क्लासचा तोच आहे म्हणून कोण तुम्हाला आयत्या वेळी फी वाढवली म्हणणार नाही. मार्क किती वाढतील ते विचारतील. आकडा देऊ नका. म्हणा की सहा क्लासनंतर असलाच एक कागद परत देते, तेव्हा दोघी मिळून बघू.

मुलीला समोर विचारू नका "आवडलं का गं?" ती हो म्हणणारच, दुसरं काय म्हणणार. तुम्ही गेल्यावर आई विचारते तेच खरं उत्तर.

७. त्याच रात्रीचा मेसेज

> काकू, आज डेमो झाला. मेसेजमध्ये लिहिल्याप्रमाणे सोम, बुध, शुक्र ६.३० ते ७.३०, १२ क्लासचे २४००. चालू करायचं असेल तर शनिवारपर्यंत कळवा, सोमवारी पहिला क्लास ठेवते. ती वेळ शनिवारपर्यंत तुमच्यासाठी ठेवलीय.

शनिवार हा शब्द महत्त्वाचा. तारीख दिली नाही तर तुम्ही पंधरा दिवस सोम बुध शुक्र रिकामे ठेवून बसता आणि तिकडं त्यांनी बॅच लावलेली असते. शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर एकदाच फोन करा, दोनदा नाही. "बघून सांगतो" म्हणाले तर वेळ दुसऱ्याला द्यायला मोकळ्या, आणि तसं त्यांना कळवून टाका.

होकार आला तर फी कशी घेणार ते लगेच ठरवा. यूपीआयनं घेत असाल तर तुमच्या नंबरवर पैसे पाठवताना स्क्रीनवर बँकेतलं नाव दिसतं, लग्नाआधीचं असेल किंवा नवऱ्याच्या नंबरवर घेत असाल तर आधीच सांगा, नाहीतर काकू नाव बघून घाबरतात आणि पैसे अडकून राहतात. रोख दिले तर वहीच्या त्याच शेवटच्या पानावर रक्कम, तारीख आणि "क्लास १ ते १२" असं लिहून दोघींची सही. सोमवारी जाताना ते पान आखून न्या, आणि पहिल्या क्लासची सही त्याच दिवशी घेऊन या.